उरलेले, उष्टे आणि नासलेले : छोट्या खानावळीचा हिशेब
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या मागण्यांपेक्षा वेगळा वाटेल, पण तो थाळीच्या दराशी आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांच्या रोजाशी जोडलेला आहे. म्हणून तो आपला विषय आहे.

रेल्वेच्या कँटीनसंबंधी 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने एम. एम. आर. खान खटल्यात निकाल दिला. कायद्याने सक्तीच्या आणि रेल्वेने मान्यता दिलेल्या कँटीनमधले कामगार हे रेल्वेचेच कामगार आहेत, असे त्यात ठरले. मान्यता नसलेल्या कँटीनमधल्यांना मात्र तो दर्जा मिळाला नाही. वसाहतीच्या कडेला, स्टेशनबाहेर, आरएमएस कचेरीच्या मागे चालणाऱ्या छोट्या खानावळींना तर अशा कुठल्याच निकालाचा आधार नसतो. तिथे तूट आली की तीनच वाटा दिसतात. थाळी महाग करायची, एखाद्या बाईचे काम कमी करायचे, नाहीतर खानावळ ठेकेदाराच्या हवाली करायची. चौथी वाट बादलीत असते. जे टाकले जाते ते मोजायचे. त्या चौथ्या वाटेविषयी आम्ही बोलणार आहोत.

आमची खानावळ दोन खोल्यांची आहे. दुपारी सरासरी 110 माणसे जेवतात. त्यांत ट्रॅक मेंटेनर आहेत, लोको पायलट आहेत, पोस्टमन आणि सॉर्टर आहेत. पाच बायका आणि एक वाढपी एवढ्यांवर काम चालते. आमच्या समितीने ती चालवायला घेतली तेव्हा थाळीमागे दोन रुपये वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही, असे जमाखर्च सांगत होता. 110 थाळ्या, महिन्याचे 26 दिवस, थाळीमागे दोन रुपये, म्हणजे 5,720 रुपयांची तूट. वाढ मागण्याआधी आम्ही सहा दिवस कचरा तोलायचे ठरवले.

तीन बादल्या

बहुतेक ठिकाणी सगळे एकाच पिंपात जाते. मग संध्याकाळी पिंप भरलेले दिसते, पण ते कशाने भरले हे कळत नाही. आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळे शब्द पहिल्यापासून आहेत : कोठीत पडून राहिले ते नासलेले, पातेल्यात राहिले ते उरलेले आणि ताटात टाकले ते उष्टे. तिन्हींचे कारण वेगळे आणि उपायही वेगळे. नासलेले हा खरेदीचा आणि साठवणीचा दोष, उरलेले हा अंदाजाचा आणि उष्टे हा बहुधा वाढण्याचा.

म्हणून तीन बादल्या ठेवल्या. भाजीची देठे, साले आणि निवडण यांत धरली नाहीत, कारण ती कुणाला टाळता येत नाहीत. काटा साधा, भाजीवाल्याकडे असतो तसा. दिवसातून एकदा, जेवणे आटोपल्यावर, प्रत्येक बादली तोलायची आणि भात, भाजी, पोळी असे ठोकळ वेगळे लिहायचे. या कामाला पंधरा मिनिटे लागतात.

इथे एक अट पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावी लागते. या वहीवरून कुणाचा पगार कापला जाणार नाही, कुणाला जाब विचारला जाणार नाही. ही अट नसेल तर दुसऱ्या दिवसापासून भात बादलीत न पडता मोरीत जातो आणि वही खोटी बोलू लागते. आकडे एकाएकी फार चांगले दिसू लागले तर आधी मोरी तपासावी.

भाताचा हिशेब

सगळ्या पदार्थांचे आकडे सांगून आपल्याला कंटाळा आणत नाही. एकट्या भाताचे सांगतो, कारण जास्तीत जास्त नासाडी त्याचीच होती.

रोज 12 किलो तांदूळ हा तिथला दंडक होता. 120 माणसे धरायची आणि माणशी 100 ग्रॅम. त्या तांदळाचा शिजून साधारण 32 किलो भात होई. सहा दिवसांत 192 किलो भात शिजला आणि 660 माणसे जेवली. पातेल्यात उरलेला भात 31 किलो भरला, ताटात टाकलेला 14 किलो. म्हणजे 45 किलो भात वाया गेला आणि 147 किलो पोटात गेला.

आता 147 किलोला 660 ने भागा. माणशी सव्वादोनशे ग्रॅमच्या जरा आत शिजलेला भात येतो, म्हणजे कच्चा तांदूळ साधारण 84 ग्रॅम. दंडक 100 चा, खाल्ले जाते 84. कुणी भात कमी खावा असे इथे म्हटलेले नाही. लोक आजच जितके खातात तो हा आकडा आहे. तुमचा आकडा याहून वेगळा येईल. कोकणातली माणसे असतील तर वर जाईल, पोळी-भाकरीवर भर असेल तर खाली येईल. जुना तांदूळ जास्त फुगतो, नवा कमी. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये, आणि तांदळाचा प्रकार बदलला की पुन्हा तीन दिवस तोलावे.

वाया गेलेल्या 45 किलो भाताचा कच्चा तांदूळ 17 किलो होतो. किलोला 45 रुपये धरले तर आठवड्याला 765 रुपये, महिन्याला 3,300 रुपये. भाजी, वरण, पोळ्या आणि कोठीतले नासलेले मिळून आणखी 2,800 रुपये निघाले. दोन्हींची बेरीज 6,100 रुपये. तूट 5,720 रुपयांची होती, हे लक्षात घ्या.

उद्या किती माणसे?

पातेल्यात उरते ते अंदाज चुकल्यामुळे. बहुतेक स्वयंपाकघरांत अंदाज म्हणजे भीती असते. एखाद्या दिवशी भात संपला, चार माणसे बोलली, की दुसऱ्या दिवसापासून दोन किलो तांदूळ वाढतो तो कायमचा. या भीतीवर वही हाच उपाय आहे.

वहीत रोज पाच गोष्टी लिहायच्या : वार, किती माणसे जेवली, किती शिजवले, किती उरले, आणि संपले असेल तर किती वाजता संपले. शेवटची नोंद लोक विसरतात आणि तिथेच फसगत होते. पातेले रिकामे दिसले म्हणजे अंदाज बरोबर आला असे नव्हे. भात दोन वाजता संपला तर अंदाज बरोबर. एक वाजून दहा मिनिटांनी संपला तर मागून आलेली किती माणसे भाताविना परत गेली ते पातेले सांगत नाही. म्हणून वेळ आणि परत गेलेली माणसे लिहावीत. नाहीतर कमी शिजवल्याचा दिवस वहीत कमी माणसांचा दिवस म्हणून बसतो आणि पुढच्या आठवड्याचा अंदाज आणखी खाली जातो.

चार आठवडे नोंद झाली की अंदाज काढता येतो. एका बुधवारचे उदाहरण घेऊ. मागच्या चार बुधवारी 108, 112, 84 आणि 110 माणसे होती. 84 च्या दिवशी मुसळधार पाऊस होता, तेव्हा तो आकडा सोडून दिला. राहिलेल्या तिघांची सरासरी 110. आता उद्याची विशेष गोष्ट पाहायची. उद्या संकष्टी आहे. मागच्या दोन संकष्टींना अठराएक माणसे कमी होती, म्हणून 92. सॉर्टिंगच्या जादा पाळीतल्या आठ जणांनी आदल्या संध्याकाळी कूपन घेतले आहे, म्हणून 100. शंभर माणसे, माणशी 84 ग्रॅम, म्हणजे 8 किलो 400 ग्रॅम तांदूळ.

विशेष गोष्टी कोणत्या हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. पगाराच्या दिवसानंतर दोन-चार दिवस माणसे वाढतात का कमी होतात, राखीपौर्णिमेआधी टपालाची गर्दी किती, ब्लॉक कुठल्या दिवशी आहे, श्रावणी सोमवार, एकादशी, शाळेच्या सुट्ट्या. ड्यूटीचा तक्ता भिंतीवर असतोच. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तो आदल्या दिवशी सांगायचा, एवढेच.

एकदम शिजवू नये

अंदाज कितीही नीट काढला तरी दहा-पंधरा माणसांचा फरक पडतोच. म्हणून 8 किलो 400 ग्रॅम एकदम चुलीवर चढवायचे नाही. 7 किलो पहिल्या पातेल्यात, 1 किलो 400 ग्रॅम मोजून कोरडे बाजूला. ते धुवायचे नाही, भिजवायचे नाही, कारण भिजवले की शिजवावेच लागते.

आमच्याकडे साडेबारा वाजेपर्यंत निम्मी माणसे जेवून गेलेली असतात. त्या वेळी कूपने मोजायची. 50 असतील तर अंदाज बरोबर, दुसरे पातेले चढवायचे. पंचवीस मिनिटांत भात तयार होतो. 40 च असतील तर शेवटी 80 होतील. 80 माणसांना 6 किलो 700 ग्रॅम पुरतो आणि 7 तर शिजलाच आहे, म्हणजे राखीव तांदूळ डब्यात परत. निम्मी माणसे किती वाजता होतात ती वेळ प्रत्येक खानावळीची वेगळी. आठवडाभर कूपने अर्ध्या-अर्ध्या तासाने मोजली की कळते.

पोळ्यांचे असेच. कणीक सगळी मळावी, पण शेवटच्या वीस-पंचवीस पोळ्यांचे उंडे ओल्या फडक्याखाली ठेवावेत आणि मागणीप्रमाणे लाटावेत. उरलेली कणीक झाकून फ्रीजमध्ये ठेवता येते, शेकलेली पोळी मात्र दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. भाजी निवडून चिरलेली असली तरी शेवटचा घाणा फोडणीला टाकण्याआधी कूपने पाहावीत.

यात बायकांवर उन्हाळ्यात दुसऱ्यांदा चुलीजवळ उभे राहण्याचा भार पडतो हे आम्ही लपवत नाही. आमच्याकडे दुसऱ्या पातेल्याची पाळी रोज बदलते आणि जिची पाळी असेल तिची भांडी दुसरी घासते. असे काही ठरवल्याशिवाय ही पद्धत टिकत नाही.

डावाचे माप

आता उष्टे. आमच्या वाढप्याचा आणि त्याच्या बदलीवर येणाऱ्या बाईंचा डाव तोलून पाहिला. भांडे तेच, पण एकाचा डाव 180 ग्रॅमचा, दुसरीचा 290 ग्रॅमचा. एक सपाट भरत होता, दुसरी शीग लावत होती. आम्ही 150 ग्रॅम भात सपाट मावेल असा डाव शोधला. माप काढायची रीत सोपी आहे : पाच डाव पातेल्यात टाकायचे, तोलायचे, पाचाने भागायचे.

नियम असा की पहिला वाढा एकच डाव, दोन पोळ्या, एक वाटी भाजी. पुढे मागेल तितके, मागेल तितक्या वेळा, त्याच दरात. दुसरा अर्धा नियम पाळला नाही तर पहिला अर्धा म्हणजे कामगाराच्या ताटातली चोरी ठरेल. रुळावर घण मारून आलेल्या माणसाला तीन डाव लागतात, खुर्चीवरच्याला एक पुरतो. माप ठेवायचे ते दोघांना सारखे देण्यासाठी नाही, दोघांनाही टाकावे लागू नये म्हणून. वाढपी पुन्हा एकदा पंगतीतून फिरतो की नाही हे समितीने पाहावे. हाक मारूनही कुणी येत नसेल तर माणूस पहिल्याच वेळी जास्त मागून घेतो आणि उष्टे पुन्हा वाढते.

डब्याची गोष्ट वेगळी. तिथे दुसरा वाढा नसतो. म्हणून कूपन घेतानाच पूर्ण भात की अर्धा, हे विचारून डब्यावर खडूने खूण करतो.

आणखी एक लक्षात ठेवा. सगळ्या ताटांत थोडे थोडे सगळेच टाकलेले असेल तर दोष मापाचा. एकच पदार्थ सगळ्या ताटांत पडून असेल तर दोष त्या पदार्थाचा. माप कमी करून तो जाणार नाही. मीठ, तेल किंवा भाजीच बदलावी लागेल.

कोठी

कोठीविषयी थोडेच. नवा माल मागे, जुना पुढे, आणि डब्यावर खडूने तारीख. पिठाच्या डब्यात जुन्यावर नवे पीठ ओतू नये. तळातले पीठ महिनोन् महिने तसेच राहते आणि पावसाळ्यात त्यातल्या किड्यांनी सगळा डबा जातो. डबा रिकामा करावा, कोरडा पुसावा, उन्हात ठेवावा, मग भरावा. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, वारा लागेल असे ठेवावेत. बटाटा उजेडात राहिला की हिरवा आणि कडू होतो, तो खाऊ नये. पालेभाजी आणि कोथिंबीर धुऊन साठवू नये, कोरड्या फडक्यात गुंडाळावी आणि लागेल तेव्हा धुवावी. पालेभाजी रोजची रोज, वांगी-दुधी-कोबी आठवड्यातून दोनदा, कांदे-बटाटे आठवड्याचे. शनिवारी स्वस्त मिळाली म्हणून दहा किलो मेथी घेतली आणि सोमवारी चार किलो फेकली तर ती स्वस्त पडली नाही.

शिळ्या भाताची मर्यादा

उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकला की नासाडी संपली, असे कुणी म्हणेल. इथे सावध राहायला हवे. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीज भात शिजल्यावरही मरत नाही. भात पातेल्यात कोमट राहिला की ते वाढते आणि विष तयार करते. ते विष पुन्हा गरम करून किंवा फोडणी देऊन नष्ट होत नाही. वास आणि चव ठीक असली तरी उलट्या होऊ शकतात. म्हणून सकाळच्या फोडणीच्या भातासाठी जो ठेवायचा तो जेवणे संपताच परातीत पातळ पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, 5 अंशांच्या आत, ठेवावा. गरम पातेले तसेच फ्रीजमध्ये घातले तर मधला भात तासन् तास कोमट राहतो आणि बाजूचे दूधही तापते. दुपारभर ओट्यावर राहिलेला भात खाण्यासाठी वापरायचा नाही. तो टाकावाच लागतो. शिळ्याचा उपाय थोडक्याच भाताला पुरतो. खरी बचत न शिजवण्यात आहे.

बचत कोणाची?

शेवटचा मुद्दा आपल्या चळवळीचा आहे. उरलेले अन्न बायका घरी नेत असत. कुणी ते लिहिलेले नव्हते, पण संध्याकाळच्या जेवणाचा तो आधार होता. उरणे कमी झाले की पहिली कात्री त्यांच्या घरावर चालते. म्हणून आमच्या समितीने बचतीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामगार बाईचे एक पूर्ण जेवण आणि घरी न्यायचा एक डबा अंदाजातच धरला. मघाच्या बुधवारच्या शंभरातही ते आहे. उरले तर मिळेल असे नाही, शिजवतानाच त्यांचे मोजायचे.

चार महिन्यांनंतरचा आकडा सांगून थांबतो. आठवड्याचा उरलेला भात 31 किलोवरून 8 वर आणि ताटातला 14 वरून 7 वर आला. भात, भाजी, पोळी आणि कोठी मिळून महिन्याला साधारण 4,000 रुपये वाचू लागले. तूट 5,720 ची होती, म्हणजे सगळी भरून निघाली नाही. सभासदांच्या सभेत वही मांडली आणि दोनाऐवजी एक रुपया वाढ मंजूर झाली. त्यातून 2,860 रुपये येतात. तूट भागून वर जे अकराशे-साडेअकराशे राहिले ते बायकांच्या पगारात घातले.

आठ किलो शून्यावर आणायचा प्रयत्न आम्ही करत नाही. गाडी उशिरा आली आणि दोन वाजता माणूस दारात उभा राहिला, तर त्याच्यासाठी दोन-तीन ताटे असायलाच हवीत. ती काही दिवस उरतील. त्याला नासाडी म्हणत नाहीत. आपापल्या ठिकाणी खानावळ किंवा कँटीन समिती असेल तर दरवाढीचा ठराव मांडण्याआधी सहा दिवस तीन बादल्या तोलाव्यात आणि ती वही सभेत ठेवावी, एवढीच विनंती करून आम्ही रजा घेतो.